विहिरीवरच्या मोटरीच्या खात्यात लपलेली वीज

मागच्या महिन्यात मी मांडवगण फराट्याला मामांकडे गेलो होतो. शिरूरचा पूर्व भाग, पलीकडे दौंड, मध्ये भीमा आणि सगळीकडे ऊस. मामांच्या विहिरीवर 5 एचपीची मोटर आहे, पण मीटर नाही. बिल येतं ते एचपीवर. मी विचारलं, "मामा, तुम्ही किती युनिट वापरता?" मामा म्हणाले, "मला काय माहीत? तेच लिहितात काहीतरी."

या "काहीतरी"चीच आजची गोष्ट.

1970च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात पंपांना एचपीवर बिल द्यायची पद्धत आली. लांबलांबच्या विहिरींवर जाऊन रीडिंग घ्यायची कटकट वाचली. पण वीज मंडळाला वर्षाच्या शेवटी हिशोब तर द्यावाच लागायचा: किती वीज घेतली, किती विकली, किती वाया गेली. आता पंपांची विक्री मोजलेलीच नसेल, तर ती अंदाजाने धरायची. आणि अंदाज वाढवला की गळती आपोआप कमी दिसते! त्यासाठी चोरी पकडायला नको की तारा बदलायला नकोत.

हे कागदावरच करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत. एका फीडरवर महिन्याला 5 लाख युनिट गेले. मीटरवाल्या ग्राहकांची विक्री दीड लाख. उरले 5 एचपीचे 400 बिनमीटरचे पंप, म्हणजे 2000 एचपी. त्यांच्या नावावर 3 लाख युनिट टाकले. बाकी राहिले 50 हजार, म्हणजे गळती 10 टक्के. छानच की!

आता ऑडिट करणारा काय विचारेल? तो तास काढतो. 1 एचपी काम द्यायला मोटर साधारण 0.9 किलोवॅट ओढते, म्हणून 2000 एचपीला 1800 किलोवॅट. 3 लाखाला 1800 ने भागा. आले 167 तास, म्हणजे प्रत्येक पंप, महिनाभर, रोज साडेपाच तास. ऑगस्टमध्ये, पाऊस पडत असताना सुद्धा? मग तो त्याच भागातले मीटर असलेले काही पंप नमुना म्हणून बघतो. समजा तिथे सरासरी 100 तास निघाले. मग पंपांची वीज 1 लाख 80 हजार, आणि गळती 1 लाख 70 हजार, म्हणजे 34 टक्के. फीडर तोच, वीज तीच, फक्त आकडा जागेवर आला.

पुढचा प्रश्न, या 34 मधलं तारांमध्ये तापून गेलं किती? ते तारेची लांबी, जाडी आणि करंट यांवरून काढता येतं. समजा 12 टक्के निघालं. उरलेले 22 टक्के म्हणजे आकडे टाकलेले, बंद पडलेले मीटर, चुकीचं रीडिंग. हे काही शेतकऱ्याने वापरलेलं नाही.

अर्थात नमुन्यालाही मर्यादा आहे. कागदावर 5 एचपी आणि विहिरीवर साडेसात, असंही होतं. तेव्हा खरा वापर जास्त निघतो. म्हणून चांगला ऑडिटर मोटरीचा भारही जागेवर मोजतो.

महाराष्ट्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. 1998 च्या कायद्यानंतर 1999 मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला. दरवाढ हवी तर मंडळाला आता जाहीर सुनावणीत आकडे सिद्ध करावे लागणार होते. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्था पंपांचा हा अंदाज तपासा म्हणून मागे लागल्या. मे 2000 मध्ये पहिला दर आदेश आला. वर्षानुवर्षं 20 टक्क्यांच्या आत सांगितलेली गळती 30 टक्क्यांच्या वर गेली. एका रात्रीत तारा खराब झाल्या नव्हत्या. लपलेली गळती फक्त शेतीच्या खात्यातून बाहेर आली.

यात नुकसान कुणाचं? जास्त युनिट पंपांच्या नावावर गेले की शेतीचं अनुदान फुगलेलं दिसतं, आणि सगळे म्हणतात, "शेतकरीच वीज खातो." चोरी आणि बिघडलेले मीटर तसेच राहतात, त्याचा भार प्रामाणिक ग्राहकाच्या दरात येतो.

2003 च्या वीज कायद्याच्या कलम 55 ने दोन वर्षांत सगळ्यांना मीटर बसवायला सांगितलं. तरी पुढची कित्येक वर्षं लाखो पंप बिनमीटरचेच राहिले. आणि मीटर असूनही रीडिंग न घेता सरासरी लावली, तर तोही अंदाजच ना? एक मात्र सोपं झालं: गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे झाले, की शेतीकडे गेलेली वीज उपकेंद्रातच मोजता येते. विकल्याचा दावा त्याहून जास्त असूच शकत नाही.

निघताना मामांच्या बिलाचा फोटो काढला. तुमच्या घरीही पंपाचं बिल असेल, तर छापलेले युनिट एचपी गुणिले 0.9 ने भागा आणि घरच्यांना विचारा, एवढे तास मोटर चालली होती का? उत्तर काय येतंय ते आम्हाला नक्की कळवा.