कोयता कोणत्या रकान्यात बसतो?

‘मोबाइलवरच्या अ‍ॅपने कामगारांच्या मनावरचा ताण खरंच कमी होतो का?’ या क्षेत्रात नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न घेऊन येतो. प्रश्न रास्त आहे, पण पुढच्या पानांतला प्रोटोकॉल त्याचं उत्तर देत नाही. स्कोपिंग रिव्ह्यू त्याच्या एक पायरी आधी थांबतो आणि विचारतो: आजवर अभ्यास कुणाचा झाला, कुठे झाला, कोणतं अ‍ॅप होतं, काय मोजलं आणि कुणाला मोजलंच नाही? तीर्थपुरीसारख्या गावात बसून हे काम करणाऱ्याला शेवटचा प्रश्न सगळ्यात जवळचा वाटेल. मलाही तो तसाच वाटतो, म्हणून प्रस्तावनेचा बराचसा भाग मी त्यालाच दिला आहे.

या पद्धतीचा पाया 2005 साली हिलरी आर्क्सी आणि लिसा ओमॅली या ब्रिटिश संशोधकांनी घातला. प्रश्न ठरवणं, अभ्यास शोधणं, त्यातून निवड करणं, माहितीची तक्त्यात नोंद करणं आणि शेवटी ती मांडणं, अशा त्यांच्या पाच पायऱ्या. संबंधित लोकांशी सल्लामसलत ही सहावी त्यांनी ऐच्छिक ठेवली होती. 2018 मध्ये अँड्रिया ट्रिको आणि सहकाऱ्यांनी अहवाल कसा लिहावा याची यादी दिली, ती ‘प्रिझ्मा-एससीआर’ नावाने ओळखली जाते. प्रोटोकॉल म्हणजे यातलं काय, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या व्याख्येने करणार हे काम सुरू करण्याआधी लेखी बांधून घेणं. अभ्यास हाती आल्यावर व्याख्या बदलायचा मोह फार होतो, त्याला हा लेखी शब्द आवर घालतो.

व्याख्येसाठी तीन गोष्टी ठरवायच्या असतात: लोक कोण, विषय कोणता आणि संदर्भ कुठला. लोक म्हणजे काम करणारी प्रौढ माणसं आणि विषय म्हणजे मानसिक आरोग्याचं अ‍ॅप, इथवर फारशी ओढाताण होत नाही. तिसऱ्या शब्दावर मात्र अख्खा आढावा अडतो, कारण ‘कामाची जागा’ म्हणजे नेमकं काय हे आधी ठरवावं लागतं. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ऑफिस येतं आणि कंपनीने कर्मचाऱ्यांना मोफत दिलेलं अ‍ॅप येतं. व्याख्या तेवढीच ठेवली तर तीर्थपुरीत काय उरतं ते पाहा. इथल्या सागर साखर कारखान्याचे कायम कर्मचारी आत येतील आणि हंगामी कामगारांवर वाद होईल. कारखान्याला ऊस तोडून देणारा मजूर बाहेर राहील, कारण त्याचा करार मुकादमाशी असतो आणि त्याची कामाची जागा आज या फडात तर उद्या त्या फडात असते. घरोघर फिरणारी आशाताई मानधनावर असते, त्यामुळे ती कर्मचारी आहे की स्वयंसेविका यावरच गाडी अडेल.

म्हणून या प्रोटोकॉलमध्ये ‘कामाची जागा’ जिथे मोबदल्यासाठी काम होतं ती जागा अशी धरली आहे, मग मालक एक असो, अनेक असोत वा मध्ये मुकादम असो. या व्याख्येचीही एक किंमत आहे. जाळं मोठं झालं की कचराही जास्त येतो. शिवाय एक नाजूक सीमा उरते, ती आंध्र प्रदेशातल्या एका प्रकल्पावरून स्पष्ट होईल. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या ‘स्मार्ट मेंटल हेल्थ’ प्रकल्पात आशाताईंच्या हाती टॅब्लेट दिले होते आणि त्यावर गावकऱ्यांमधल्या नैराश्याची चाचपणी होत होती. अ‍ॅप वापरणारी व्यक्ती कामावर आहे, अ‍ॅप मानसिक आरोग्याचं आहे, तरीही हा अभ्यास आपल्या आढाव्यात बसत नाही, कारण मन तपासलं जातंय ते गावकऱ्याचं आणि आशाताईसाठी ते अ‍ॅप केवळ कामाचं साधन आहे. प्रोटोकॉलमधलं वाक्य त्यामुळे असं आहे: ज्याच्या मनासाठी अ‍ॅप आहे, तोच काम करणारा असला पाहिजे. आपल्याकडे 2015 पासून राज्य सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत, जालन्यातही, आशाताई शेतकरी कुटुंबांची अशीच विचारपूस करत आल्या आहेत. त्यांच्या स्वतःच्या मनासाठी कुणी काही केलं का, हे शोधणं आपल्या कक्षेत येतं.

व्याख्या शोधाच्या शब्दांत उतरली नाही तर ती कागदावरच राहते. पबमेडमध्ये नुसतं `employee` टाकलं तर शेतमजुरांवरचे निबंध हाताला लागणार नाहीत, कारण ते लिहिणारे हा शब्द फारसा वापरत नाहीत. प्रोटोकॉलमधल्या शोधओळीचा गाभा असा आहे:

```
("mobile app*"[tiab] OR smartphone*[tiab] OR mhealth[tiab])
AND (stress[tiab] OR depress*[tiab] OR "mental health"[tiab])
AND (employee*[tiab] OR worker*[tiab] OR labourer*[tiab]
     OR laborer*[tiab] OR farmer*[tiab])
```

इथे `app` हा सुटा शब्द मुद्दाम घेतलेला नाही. अल्झायमरच्या संशोधनात एका प्रथिनाचं नाव याच तीन अक्षरांनी लिहितात, त्यामुळे तो शब्द घातला की मेंदूतल्या प्रथिनांवरचे निबंध ढिगाने येतात. पहिल्या पन्नास शीर्षकांत उंदीर आणि पेशी दिसायला लागल्या तर कुठला तरी शब्द जास्तच सैल आहे असं समजावं. उलट, आपल्याला आधीपासून माहीत असलेले चार-पाच निबंध यादीत आले नाहीत तर ओळ जास्त घट्ट झाली आहे.

आता नोंदतक्त्याकडे येऊ. रिव्ह्यूचा जीव इथे आहे असं माझं ठाम मत आहे, कारण ज्याला रकाना नाही ते निष्कर्षात कधीच दिसत नाही. तक्ता कसा भरतात हे एका खऱ्या अभ्यासावर पाहू. 2019 मध्ये सोफी बोस्टॉक आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या दोन मोठ्या कंपन्यांच्या 238 निरोगी कर्मचाऱ्यांवर हेडस्पेस या ध्यानाच्या अ‍ॅपचा प्रयोग केला. त्याची नोंद अशी होईल:

देश आणि काम: ब्रिटन, दोन मोठ्या कंपन्यांचे कर्मचारी
रचना: चिठ्ठीपद्धतीने दोन गट, एकाला अ‍ॅप, दुसरा प्रतीक्षा यादीत
अ‍ॅपमध्ये काय: 10 ते 20 मिनिटांची 45 ध्वनिमुद्रित ध्यानसत्रं, रोज एक
किती काळ: 8 आठवडे, 16 आठवड्यांनी पुन्हा प्रश्नावली
प्रत्यक्ष वापर: सरासरी 17 सत्रं, किमान 0, कमाल 45
काय मोजलं: स्वास्थ्य, मनाचा त्रास, कामाचा ताण, कामावरचा आधार, कामाच्या दिवशीचा रक्तदाब
फोन कुणाचा: ……
माहिती कुणाला दिसते: ……

‘प्रत्यक्ष वापर’ या रकान्यावर जरा थांबा. रोज एक सत्र सांगितलं होतं, आणि झाली सरासरी सतरा. कुणी एकही केलं नाही, तर कुणी पंचेचाळीसही पूर्ण केली. पहिल्यांदा तक्ता भरणारे बहुतेक जण इथे ‘45 सत्रं’ लिहितात, कारण निबंधात अ‍ॅपच्या वर्णनात तोच आकडा आधी भेटतो. त्यामुळे देऊ केलेलं आणि घेतलेलं, असे दोन वेगळे रकाने ठेवले आहेत. अ‍ॅप घेतलेल्या गटात कामाचा ताण कमी झाल्याचं अभ्यासकांना आढळलं. ते नोंदवायचं, पण ‘उपयोगी’ असा शेरा मारायचा नाही. आपण किती अभ्यासांनी काय मोजलं ते दाखवतो. गुणवत्तेचं मोजमाप हे वेगळ्या प्रकारच्या आढाव्याचं काम आहे.

रिकाम्या जागेसाठी तीन वेगळे शब्द ठरवले आहेत, ते कटाक्षाने पाळा. लेखकांनी विषय काढलाच नसेल तर ‘नोंद नाही’. त्यांनी पाहिलं आणि नव्हतं असं सांगितलं असेल तर ‘नाही’. त्या अभ्यासात तो प्रश्न उद्भवतच नसेल तर ‘लागू नाही’. तिन्हींच्या जागी नुसती आडवी रेघ ओढली तर शेवटी मोजायला काहीच उरत नाही. कितीतरी अभ्यासांनी अमुक गोष्ट विचारलीच नाही, हा या प्रकारच्या आढाव्याचा मोठा निष्कर्ष असू शकतो आणि तो ‘नोंद नाही’ या दोन शब्दांवर उभा असतो.

फोनचा रकाना इतर तक्त्यांत सहसा दिसत नाही. तो ऊसतोडीमुळे आला. फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यावर मिळते, हिशोब कोयत्यावर होतो आणि एकाने काम चुकवलं तरी खाडा दोघांच्या माथी पडतो. अशा जोडीत फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो. उद्या अशा कामगारांसाठी कुणी अ‍ॅप काढलं आणि ‘वापरकर्ते 100’ असं लिहिलं, तर ती शंभर माणसं आहेत, शंभर कोयते आहेत की शंभर फोन? बायकोने रात्री कोपीत नवऱ्याच्या फोनवर आपल्या झोपेबद्दल, रडू येण्याबद्दल उत्तरं दिली तर ती कुणाच्या नावावर जातात, आणि ती खरी असतील का? तक्त्यात ‘मोजणीचं एकक’ आणि ‘फोन कुणाचा’ असे दोन रकाने आहेत ते यासाठी. ऑफिसातल्या अभ्यासांत त्यापुढे बहुतेक वेळा ‘नोंद नाही’ येईल. येऊ द्या.

शेवटच्या रकान्याचंही तसंच आहे. अ‍ॅप मालकाने दिलं असेल तर मालकाला काय दिसतं: नावानिशी उत्तरं, गटाची सरासरी की काहीच नाही? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र नोकरीसंबंधीच्या काही कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा मालकाला ठेवली आहे. अ‍ॅपवरची नैराश्याची प्रश्नावली या दोन्हींच्या मधोमध येते. अभ्यासकांनी याबद्दल काय लिहिलं ते त्यांच्याच शब्दांत उतरवा, आपला अंदाज घालू नका.

तक्ता पक्का करण्याआधी दोघांनी, एकमेकांचं न बघता, पहिले पाच ते दहा अभ्यास भरावेत ही डॅनिएल लेव्हॅक आणि सहकाऱ्यांची 2010 ची सूचना आहे. मग नोंदी शेजारी ठेवा. फरक जिथे पडेल तिथे आधी रकान्याची सूचना तपासा, कारण दोन काळजीपूर्वक वाचणारे वेगळं लिहितात तेव्हा बहुधा सूचनाच धूसर असते. ती सुधारा, तारीख घाला आणि जुनी प्रत जपून ठेवा. नोंदणीसाठी प्रॉस्पेरो या संकेतस्थळाकडे जाऊ नका, तिथे स्कोपिंग रिव्ह्यू घेत नाहीत. ओपन सायन्स फ्रेमवर्कवर प्रोटोकॉल ठेवता येतो आणि नंतरचे बदलही तारखेसह दिसतात.

आर्क्सी-ओमॅलींनी ऐच्छिक ठेवलेली सहावी पायरी आपण सक्तीची केली आहे. तिच्यासाठी नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी लागेल, कारण इथून पुढे कागदांशी नाही तर माणसांशी बोलायचं आहे. तोडकऱ्यांशी बोलताना मुकादम जवळ नसावा आणि बायकांशी बोलणं वेगळं व्हावं. वेळेचा हिशोब कारखाना ठरवतो. गाळप साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि उन्हाळा लागता लागता कोप्या उठतात. त्यामुळे शोध आणि निवड पावसाळ्यात उरकून भरलेला तक्ता दसऱ्यापर्यंत हाती असायला हवा, म्हणजे फडावर जाताना त्यातले ‘नोंद नाही’चे रकाने सोबत नेता येतील.