सात बेचाळीसची थीम

ऑगस्ट 2008, पुणे. तुम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात. खोलीभर ताणलेल्या दोरीवर जीन्स चार दिवस वाळत नाही, म्हणून तुम्ही दमट जीन्स घालूनच मेसच्या रांगेत उभे आहात. पोह्यांची बशी हातात पडते तोच खिशात मांजर केकाटते. एकदा, दोनदा. रांग मागे वळून बघते. तिसऱ्यांदा केकाटल्यावर कळतं, हा आपलाच फोन.

नोकिया 3110 क्लासिक. आईचा फोन आहे, पण हिरव्या बटणाकडे अंगठा जातच नाही, कारण पडद्यावर टॉम जेरीच्या मागे धावतोय. काल तिथं निळा समुद्र होता. मेनू उघडता, तर अक्षरं गुलाबी.

नाश्ता बाजूला ठेवून तुम्ही बाकावर बसता. या फोनला कुलूप म्हणजे नुसतं नावाला: Unlock दाबा, मग * दाबा. पिन विचारतो तो फक्त बंद फोन चालू करताना. म्हणजे फोन कुणीही उघडू शकतो. शिवाय थीम म्हणजे नुसतं चित्र नव्हे. .nth नावाच्या एकाच फाइलमध्ये वॉलपेपर, रंग आणि रिंगटोनही बांधलेली असते. मांजर आलं ते तिथूनच.

गॅलरीत फाइल सापडते. Options, मग Details. वेळ: 7:42.

सात बेचाळीसला तुम्ही बादली घेऊन बाथरूमच्या रांगेत होता, चौथ्या नंबरवर. फोन चार्जिंगला. खोलीत एकटा पार्टनर, पांघरूण डोक्यावर घेऊन घोरत पडलेला. (इतकं शिस्तीत कुणी झोपेत घोरतं का, हे तेव्हाच सुचायला हवं होतं.) वर कोपऱ्यात ब्लूटूथचं चिन्ह अजून तसंच. घाईत बंद करायला विसरला.

खोलीत जाऊन तुम्ही फोन त्याच्या नाकासमोर धरता.

"मी कशाला? माझ्याकडे असली थीमच नाही, बघ हवं तर."

ते खरंच असतं. त्याचा नोकिया 6300, पडदा 240x320. तुमचा 128x160. मोठ्या पडद्याची थीम तुमच्या फोनवर धड बसली नसती. टॉमची शेपटी तरी कापली गेली असती. इथं शेपटी शाबूत आहे. म्हणजे कुणीतरी तुमच्याच मापाची शोधून आणली.

"सायबर कॅफेत किती वेळ घालवलास?"

पांघरुणाखालून खुदखुद. "दीड तास. तुझा डबडा फोन, मापाचं काही मिळतच नव्हतं रे."

तुम्ही आईला फोन लावता. ती विचारते, उचलला का नाहीस? मांजर आडवं गेलं, तुम्ही सांगता.

तिकडे पार्टनर बादली उचलतो. त्याचा फोन चार्जिंगला लागलेला. तुम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवता: 240x320.