अटकेचे ‘कारण’ : लखीसराय, १९६८

६ नोव्हेंबर १९६८ रोजी बिहारमधील लखीसराय रेल्वे स्थानकावर लोकसभा सदस्य मधु लिमये व त्यांचे सहकारी यांना अटक झाली. जमावबंदीचा आदेश मोडल्याबद्दल कलम १८८ लावण्यात आले होते. बेकायदेशीर जमावाचे कलम १४३ मागाहून जोडले गेले. अटकेच्या वेळी मात्र ‘कलमे जामीनपात्र आहेत’ एवढेच सांगण्यात आले. लिमये यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्ररूपाने अर्ज केला.

जामीनपात्रता हा कलमाचा गुण होय. ते अटकेचे कारण नव्हे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. कोणत्या कृत्याचा आरोप आहे हेच न कळल्यास बंदिवान वकिलास सांगणार काय? १८ डिसेंबर रोजी न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद २२(१) चा भंग मान्य करून सुटकेचा आदेश दिला. दंडाधिकाऱ्याने यंत्रवत् दिलेल्या कोठडीच्या हुकुमाने हा दोष धुऊन निघत नाही, असेही ठरले.

या निर्णयाचा दुसरा आधार आता उरलेला नाही. आदेशभंग तेव्हा अदखलपात्र होता, म्हणून वॉरंटावाचून अटक अवैध ठरे. १९७३ च्या संहितेने तो दखलपात्र केला. कारणांचा हक्क मात्र बळावला. ती लेखी, आणि अटक झालेल्यास समजेल अशा भाषेत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्व गुन्ह्यांसाठी ठरविले.