टार्ट्‌स, लंडन

माझा एक जुना विद्यार्थी परवा घरी आला. “गुरुजी, हे घेऊ का?” म्हणून त्याने तीन छायाचित्रे पुढे ठेवली. खिशात बाळगायचे चांदीचे घड्याळ होते. यंत्रावर ‘टार्ट्‌स, लंडन’ असे कोरलेले. विकणारा ते अठराव्या शतकातले अस्सल इंग्रजी म्हणत होता, आणि पोराने दोन वर्षे साठवलेले पैसे त्यासाठी बाजूला काढले होते.

पहिल्या छायाचित्रात तबकडी होती. मिनिटांची वर्तुळरेषा सरळ न जाता दर तासाला कमानीसारखी वाकलेली. ही आवड हॉलंडची. दुसऱ्यात यंत्र उघडे होते. तोलचक्रावरची नक्षीदार पट्टी इंग्रज कारागीर एकाच बाजूला स्क्रूने बसवी. इथे ती पुलासारखी दोन्ही बाजूंना टेकलेली. असा पूल युरोप खंडावरच्या अस्सल घड्याळांतही असतो, म्हणून एकट्या पुलावरून निकाल देऊ नये. पण पूल आणि लंडनचे नाव एकत्र दिसले की संशय घ्यावाच.

वाचकहो, यामागे इतिहास आहे. इंग्लंडात १६९८ साली घड्याळावर कारागिराचे नाव व गाव घालण्याचा कायदा झाला. लंडनच्या नावाला बाजारात मोल होते. ते पाहून युरोपात, विशेषतः स्वित्झर्लंडकडे, स्वस्त घड्याळे करून त्यांवर लंडन कोरण्याचा धंदा निघाला. त्यांना ‘डच नकला’ म्हणतात. टार्ट्‌स हे नावच कल्पित, असे जाणकार मानतात. म्हणजे नाव खोटे, पण घड्याळ खरोखर जुने असू शकते, आणि त्याला त्याची अशी किंमतही असते.

खरी मेख तिसऱ्या छायाचित्रात निघाली. अशा घड्याळाला दोन केस असतात, आणि आतल्या केसच्या पाठीला चावीसाठी भोक असते. चावी जिच्यावर बसते ती चौकोनी दांडी त्या भोकाच्या बरोबर मध्यावर यायला हवी. इथे ती कडेला चिकटली होती, आणि शेजारी बुजवलेल्या जुन्या भोकाची गोल खूण. यंत्र एका घड्याळाचे, केस दुसऱ्याची! एवढ्यानेही लबाडी ठरत नाही. चांदी वितळवण्यासाठी केस मोडल्या, म्हणून यंत्रांना परक्या केस मिळाल्या. पण काळेपणा मात्र बोलका होता. वर्षानुवर्षे हाताळलेली चांदी कडीजवळ आणि उंचवट्यांवर झिजून उजळते. काळिमा खोबणीत उरतो. इथे सगळीकडे सारखीच काजळी, ताज्या ओरखड्यांतही.

“छायाचित्रात एवढंच दिसतं,” मी म्हणालो. “चांदी खरी की नाही, यंत्र चालतं की नाही, हे त्यातून कळायचं नाही. बिजागरीवर यंत्र उचलून केसची आतली बाजू दाखव, असं त्याला सांग.”

त्याने तसे कळवले. चौथे छायाचित्र आले नाही. पैसे मात्र पोराच्या खिशातच राहिले.