काका थांबतच नाहीत? बोलक्या माणसाचं मन न दुखवता गप्पा आवरायच्या कशा

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कची चौपाटी आहे. सकाळी तिथे खाडीकाठाने फिरणाऱ्यांची गर्दी असते. मीही त्यातलीच. आणि अशा प्रत्येक ठिकाणी असतात तसे एक काका तिथेही आहेत.

काका माणूस म्हणून छान. पण एकदा सुरू झाले की सोसायटीच्या टाकीपासून गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळं ऐकवतात. समोरच्याची घरी जायची वेळ टळून गेली तरी यांचं गुऱ्हाळ चालूच. मी मग सोपा उपाय काढला. काका लांबून दिसले की उलट्या दिशेने फेरी मारायची. कानात इअरफोन, नजर मोबाईलमध्ये.

तीनेक आठवड्यांनी त्यांनी मला गेटपाशी गाठलं आणि एवढंच विचारलं, "काय गं, माझं काही चुकलं का?"

गप्पा मध्येच आवरल्या तर त्यांना वाईट वाटेल म्हणून मी त्यांना टाळत होते. आणि वाईट वाटलं ते टाळण्याचंच. त्यानंतर या विषयावर शोधाशोध केली, तेव्हा कळलं की संभाषण कसं चालतं आणि कसं संपतं यावर गेली पन्नास वर्षं अभ्यास होतोय. त्यातलं रोजच्या उपयोगाचं इथे सांगते.

आपल्याला बोलायची संधी का मिळत नाही?

1974 साली हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तीन अमेरिकन अभ्यासकांनी 'लँग्वेज' या नियतकालिकात एक लेख लिहिला. रेकॉर्ड केलेल्या साध्या गप्पा ऐकून त्यांनी दाखवलं की गप्पांमध्ये आपण पाळीपाळीने बोलतो आणि ती पाळी कधी बदलायची याचे न लिहिलेले नियम असतात. वाक्य पूर्ण होत आलं की तिथे एक दार उघडतं. त्या क्षणी दुसरा माणूस बोलू शकतो. कोणीच बोललं नाही तर आधीचाच पुढे चालू ठेवतो.

हे दार फार थोडा वेळ उघडं असतं. 2009 मध्ये दहा भाषांची तुलना झाली. त्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली शांतता सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी निघाली.

बोलका माणूस नेमकं हे दार बंद ठेवतो, आणि तेही नकळत. काकांचं बोलणं नीट ऐकलं तर कळतं. ते वाक्याच्या शेवटी श्वास घेत नाहीत, मध्ये घेतात. "मग मी सेक्रेटरीला सांगितलं आणि…" इथे थांबतील, श्वास घेतील, पुढे जातील. "आणि", "म्हणजे", "तर काय झालं" हे शब्द त्यांची जागा धरून ठेवतात. आपण मात्र सभ्यपणे वाक्य संपायची वाट बघत उभे.

आपलाही हात असतो

काका बोलताना मी काय करत होते? "हो का?", "अच्छा", "हं", "मग?"

मला वाटायचं, मी नुसती ऐकतेय. पण हे शब्द म्हणजे पुढे जाण्याचा हिरवा सिग्नल आहे. "हं" म्हणजे "कळलं, पुढे बोला." आणि "मग?" म्हणजे तर सरळसरळ पुढचा भाग मागून घेणं. मनात कंटाळा आणि तोंडात "मग?" असेल तर समोरच्याला कळणार कसं?

त्याऐवजी गोष्टीवर मत द्यायचं. "बरं झालं सुटलं ते." "खूपच मनस्ताप झाला तुम्हाला." मत दिलं की ऐकलेली गोष्ट पूर्ण झाली असा अर्थ पोचतो. ऐकणं तेवढंच, पण "मग?" दार उघडतं आणि "बरं झालं" ते हळूच लोटून घेतं.

निरोप एका वाक्यात होत नाही

1973 मध्ये शेग्लॉफ आणि सॅक्स यांनी गप्पा संपतात कशा यावरही लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की कोणीही थेट "अच्छा, बाय" म्हणत नाही. त्याआधी एक सूचना जाते, "माझ्याकडचं संपलं, तुमचं काही आहे का?" मराठीत हे काम "बरं", "चला", "चला मग" हे शब्द करतात. समोरूनही "हो, चला" आलं की मग खरा निरोप.

आपल्याकडे निरोपाचा शब्दही बघा. निघताना आपण "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. जेसल पार्कात गुजरातीही भरपूर ऐकू येते, आणि त्यांचं "आवजो" हेही "या" असंच सांगतं. म्हणजे निघतानाच परत भेटण्याची हमी. बोलक्या माणसाला ती सगळ्यात जास्त लागते. आता सोडलं तर पुन्हा कोणी ऐकेल का, अशी धास्ती असली की माणूस एकाच भेटीत सगळं सांगून टाकतो.

आता प्रत्यक्षात

समजा सव्वासात वाजलेत, तुम्हाला घरी जाऊन तयार होऊन लोकल पकडायची आहे. काका गळक्या टाकीबद्दल सांगतायत. बहुतेक वेळा असं होतं:

"…तर तो प्लंबर आलाच नाही."
"अरेरे. मग?"
"मग काय, मी दुसऱ्याला फोन केला…"
"काका, मला जरा…"
"अगं ऐक तर, तो दुसरा काय म्हणाला माहितीये का…"

इथे दोन गोष्टी चुकल्या. "मग?" विचारलं. आणि गोष्ट अर्धी असताना तोडलं. अर्ध्यात तोडलं की माणूस ती पूर्ण करायला आणखी जोर लावतो.

आता दुसऱ्या पद्धतीने. गोष्टीचा निकाल लागेपर्यंत थांबा. "शेवटी आठशे रुपयांत झालं काम." हाच तो क्षण. आवाज थोडा खाली येतो, "असं सगळं" किंवा "काय सांगायचं" असं काहीतरी येतं. लगेच बोला, शांततेची वाट बघू नका:

"आठशेत झालं म्हणजे स्वस्तातच सुटलात काका. चला, माझी लोकलची वेळ झाली. गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाले ते उद्याच्या फेरीत सांगा. येते."

यात चार भाग आहेत. पहिला, त्यांच्याच शब्दांतला सारांश. ऐकलं याचा तो पुरावा. दुसरा, निघण्याचं कारण, जे त्यांच्या बोलण्यात नाही, घड्याळात आहे. तिसरा, पुढची ठरलेली वेळ आणि ठरलेला विषय. "नंतर बोलू" चालत नाही, ते टोलवल्यासारखं वाटतं. चौथा, "येते", आणि ते म्हणतानाच पाऊल उचलायचं. "येते" म्हणून उभंच राहिलात तर काका नवीन विषय काढणार, आणि चूक त्यांची नसेल.

कारण खरंच हवं. घरी जाते म्हणालात आणि दहा मिनिटांनी त्याच ट्रॅकवर दिसलात, तर पुढच्या खऱ्या कारणावरही विश्वास राहणार नाही. कारण नसेल तर "मी आता थोडं एकटीच चालते काका" हेही चालतं.

सगळ्यात सोपी युक्ती सुरुवातीला

गप्पा संपवण्यापेक्षा त्यांची लांबी आधी ठरवणं सोपं. काका दिसले की आता मीच म्हणते, "काका, माझ्याकडे एक फेरी आहे, चला." फेरी संपली की गप्पाही संपतात, आणि कोणी कोणाला तोडलेलं नसतं. बाकावर मात्र बसायचं नाही. चालता चालता वेगळं होणं सोपं असतं. बसलेल्या माणसाला आधी उठावं लागतं, आणि ते उठणंच "कंटाळले" असं सांगतं.

चारचौघांत असेल तर?

कट्ट्यावर एकच जण बोलत असेल तर त्याला गप्प करायच्या फंदात पडू नका. पाळी दुसऱ्याला द्या. 1974 च्या त्या लेखातला एक नियम इथे कामी येतो: बोलणाऱ्याने ज्याला निवडून विचारलं, बोलायचा हक्क आधी त्याचा. म्हणून विषय तोच ठेवायचा आणि नाव घेऊन विचारायचं. "टाकीचं मावशींच्या बिल्डिंगमध्येही झालं होतं ना? मावशी, तुम्ही काय केलंत?" काकांचा विषय मोठा झाला, त्यामुळे अपमान नाही. "बाकीच्यांनाही बोलू द्या ना" म्हटलं की तोच माणूस सगळ्यांसमोर आरोपी होतो. "कोणाला काही बोलायचंय का?" याचाही उपयोग नाही. नाव नसलेला प्रश्न बोलकाच उचलतो.

हे कुठे चालत नाही?

कधी कधी जास्त बोलण्यामागे वेगळं कारण असतं. ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांना ऐकण्यापेक्षा बोलत राहणं सोपं जातं. तुमचं "चला" त्यांच्या कानापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी समोर येऊन, स्पष्ट आवाजात, हात जोडून निरोप घ्यायचा. आणि एरवी बेताने बोलणारा माणूस अचानक न थांबता, भरभर बोलू लागला, झोपही कमी झाली, तर तो स्वभाव नसून आजार असू शकतो. तिथे घरच्यांनी डॉक्टरांकडे न्यायला हवं.

मग वाईट वाटतं का?

2021 मध्ये अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, तुमच्या गप्पा तुम्हाला हव्या तेव्हा संपल्या का? दोघांनाही हव्या त्या क्षणी संपलेल्या गप्पा शंभरात जेमतेम दोन होत्या. समोरच्याला काय हवंय याचा अंदाजही लोकांना नीट लागत नव्हता, कारण दोघंही सभ्यपणापोटी मनातलं लपवत होते. म्हणजे कधी कधी समोरचाही निघायची वाट बघत असतो.

मन दुखावलं की नाही हे त्याच दिवशी कळत नाही, पुढच्या भेटीत कळतं. समोरचा स्वतःहून हाक मारतो का, आणि राहिलेला विषय पुढे नेतो का, ते बघायचं. पण तुम्हीही तो विषय विसरता कामा नये. "उद्या सांगा" म्हणून दुसऱ्या दिवशी विचारलंच नाही, तर पुढच्या वेळी ती नुसती सबब वाटेल.

मी दुसऱ्या दिवशी विचारलं, "काका, गुडघ्याचं काय म्हणाले?" एक फेरी झाली. गेटपाशी आलो तेव्हा काकाच म्हणाले, "चल, तुझी लोकल चुकेल. बाकीचं उद्या."