दमाची हंडी आणि तिची वाफ

घरबसल्या जेवण मागविण्याच्या ॲपवर हल्लीं बिर्याणीचें एक चित्र झळकत असतें. कणकेनें तोंड लिंपलेली हंडी, तिच्यांतून उसळणारी वाफ, मोकळीं शितें आणि वर तळलेला कांदा व पुदिना. चित्र मोहक आहे खरें. परंतु त्यांत निरनिराळे क्षण एकत्र कोंबलेले आहेत. लिंपलेल्या हंडींतील शीत दिसत नाहीं, आणि तिच्यांतून वाफ उसळूं लागली तर तो आचाऱ्याचा दोष समजावा.

वाफ कोंडून शिजविण्याच्या या रीतीला दम म्हणतात. लखनौकडे अशी कथा सांगतात कीं, १७८४ सालच्या दुष्काळांत नबाब आसफउद्दौला यानें मोठा इमामबाडा बांधावयास काढला, तेव्हां मजुरांसाठीं लिंपलेल्या हंड्या निखाऱ्यांवर ठेवीत. एके दिवशीं सुवास दरवळला, नबाबानें चव घेतली आणि तो प्रकार राजवाड्यांत गेला. कथा गोड आहे. पण अबुल फजलाच्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत, म्हणजे सुमारें २०० वर्षें आधींच, ‘दमपुख्त’ नोंदलेला आहे. त्यास १० शेर मांस, २ शेर तूप, १ शेर कांदा व कांहीं मसाले सांगितले आहेत. तांदूळ मात्र नाहीं. मांस आणि धान्य यांच्या निराळ्या वर्गांत ‘दुज्दबिर्यान’ येतो. त्यांत १० शेर तांदुळांस १० शेर मांस व ३॥ शेर तूप. तेव्हां नबाबानें दमाला फार तर लौकिक दिला, जन्म दिला नाहीं.

या रीतीची खरी कसोटी हैदराबादच्या कच्च्या बिर्याणींत लागते. तेथें मांस दहीं, आलें-लसूण व कच्ची पपई लावून मुरवितात आणि कच्चेंच हंडीच्या तळाशीं पसरतात. त्यावर पोटांत कणी राहील इतपतच उकडलेला जुना, लांब तांदूळ, केशराचें दूध व तूप घालून झांकण लिंपतात. वरून पाणी घालावयाचें नाहीं. दह्याची व मांसाची ओल वाफ होऊन वर चढते, आणि तिनेंच तांदूळ पुरा होतो. म्हणून तांदूळ आधींच जास्त शिजला तर मांस होईपर्यंत त्याचा लगदा होतो; फार कच्चा राहिला तर मांस तयार होऊनही वरचीं शितें टणक राहतात.

प्रथम आंच मोठी, मग मंद. झांकणावरही निखारे ठेवतात, म्हणजे वाफेचें पाणी होऊन खालीं ठिबकत नाहीं. कणीक वाळून कुठें तडकली आणि वाफेची धार सुटली, तर ओली कणीक तात्काळ थापावी लागते. नाहीं तर ओल निघून जाऊन तळ करपतो. हंडी उतरल्यावर थोडा वेळ तशीच राहूं देतात. मग झांकण काढून, न ढवळतां, कडेनें तळापर्यंत उलथनें घालून थर उचलतात.

चित्रांतील वाफ ती याच वेळची, आणि ती क्षणांत विरते. बंद डब्यांतून घरीं येणाऱ्या बिर्याणीची वाफ मात्र झांकणाखालीं पाणी होऊन पुन्हां भातावर पडते, आणि मोकळीं शितें वाटेंतच एकमेकांस चिकटतात.