पोटभाडेपट्टा आणि मधल्या पक्षाचे हिशेब

भाड्याने घेतलेल्या जागेचा काही भाग दुसऱ्यास देणारी कंपनी एकाच वेळी मूळ मालकाची भाडेकरू आणि पोटभाडेकरूची मालक असते. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय हिशेबमानक १७ नुसार पोटभाडेपट्ट्याचे स्वरूप प्रत्यक्ष इमारतीकडे पाहून ठरे. चार वर्षे म्हणजे इमारतीच्या आयुष्याचा अल्पांश. म्हणून तो बहुधा साधा भाडेव्यवहारच मानला जाई.

जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध होऊन २०१९ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय वित्तीय मानक १६ ने हा आधारच बदलला. आता इमारत नव्हे, तर मधल्या पक्षाजवळचा वापरहक्क पाहावयाचा. भारतातही १ एप्रिल २०१९ पासून हेच तत्त्व लागू झाले.

समजा, कंपनीने दोन मजले सहा वर्षांसाठी घेतले आणि दोन वर्षांनी वरचा मजला उरलेल्या चारही वर्षांसाठी दुसऱ्यास दिला. तेथील वापरहक्क तिने जवळजवळ संपूर्ण देऊन टाकला. म्हणून तो वहीतून वगळून त्याजागी पोटभाडेकरूकडील येणे मांडावयाचे. हक्काची शिल्लक ४० लाख आणि येण्याचे वर्तमान मूल्य ४४ लाख असेल, तर ४ लाखांचा नफा लगेच दिसतो. मजला एकाच वर्षासाठी दिला असता, तर हक्क वहीतच राहून केवळ भाडे उत्पन्नात जमा झाले असते.

येणे व देणे यांची वजावट करून फरक तेवढा दाखविण्याचा मोह येथे होतो. मानकास ते मान्य नाही; कारण पोटभाडेकरूने पैसे बुडविले, तरी मूळ मालकाचे देणे टळत नाही.